बंद पाकिटात अळी निघाली: कंपनीला तक्रारीचं पत्र लिहिताना

पाकिटात किडा दिसला की पहिला हात जातो तो कचऱ्याच्या डब्याकडे, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्याकडे. फोटो जरूर काढा, पण पाकीट फेकू नका. कंपनीचं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: "आमच्या कारखान्यातून माल स्वच्छ निघाला, कीड दुकानात लागली." हे कधी खरं असतं, कधी नसतं. ते खरं की खोटं हे पाकिटावरच्या तारखा आणि तुम्ही जपून ठेवलेली कीड यांवरून पुष्कळदा कळतं, म्हणून पत्राचा सगळा जोर तिथेच हवा.

उदाहरणासाठी रवा घेऊ. एक किलोचं पाकीट, पॅकिंग १२ जून २०२५, खरेदी २० जून, उघडलं २४ जूनला. आत रव्याच्या जाळ्या धरलेल्या, त्यात सेंटिमीटरभर लांबीची फिकट अळी. धान्याच्या पतंगाची ही अळी अंड्यातून निघून एवढी वाढायला आपल्याकडच्या उकाड्यातही साधारण दोन-तीन आठवडे घेते. इथे पॅकिंगपासून झालेत फक्त बारा दिवस. पाकिटाला भोक नाही, शिवण पक्की. मग अंडं किंवा अळी रवा भरतानाच आत होती, हा निष्कर्ष आपोआप निघतो. हेच पाकीट चार महिन्यांचं असतं तर तारखांवरून काहीच सिद्ध झालं नसतं. लाल पोरकिड्याचा पूर्ण वाढलेला किडा तर महिनोन्‌महिने जगतो, त्यामुळे तो सापडला म्हणून कुठून आला हे कळत नाही.

भोक असेल तर ते भिंगातून दोन्ही बाजूंनी पाहा. ज्या बाजूने कुरतडायला सुरुवात झाली, त्या बाजूला ओरखडे असतात आणि भोकाचं तोंड रुंद असतं. ते बाहेरून असेल तर दुकानाच्या किंवा गोदामाच्या साठवणीकडे बोट जातं. आतून असेल तरी एवढ्यावरून कारखाना दोषी ठरत नाही, पण कंपनीचं नेहमीचं उत्तर लंगडं पडतं.

पाकीट आहे तसं, रव्यासकट, हवाबंद डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर राहिलं तर आठवड्या-दोन आठवड्यांत अळीचा पतंग होईल आणि तुमचा पुरावाच उडून जाईल. किडा चिरडू नका. चिरडलेल्या किड्याची जात ओळखता येत नाही.

तक्रार कोण करू शकतं? ज्याने पैसे देऊन स्वतःच्या वापरासाठी वस्तू घेतली तो, आणि त्याच्या संमतीने ती वापरणारे घरचे लोक. पुन्हा विकण्यासाठी माल घेतलेला दुकानदार ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहक नाही. खरेदीची पावती हवीच. किराणा दुकानदाराने दिली नसेल तर यूपीआयचा व्यवहार दाखवता येतो, फक्त त्यात कोणती वस्तू घेतली ते दिसत नाही, म्हणून त्याच दिवशी दुकानदाराकडून साध्या कागदावर लिहून घ्या.

पाकिटावरून उतरवायच्या गोष्टी अशा: बॅच किंवा लॉट क्रमांक, पॅकिंगची तारीख, वापराची अंतिम तारीख, एफएसएसएआयचा चौदा अंकी परवाना क्रमांक, आणि ग्राहक तक्रारींसाठी छापलेला पत्ता, फोन व ईमेल. बॅच क्रमांक जसाच्या तसा उतरवा, शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत करू नका. कारखान्यात त्या क्रमांकावरूनच कोणत्या दिवशी कोणत्या यंत्रावर माल भरला हे शोधतात. एकाच ब्रँडचे दोन-तीन कारखाने असले की पाकिटावर त्यांचे पत्ते अ, ब, क असे छापलेले असतात आणि बॅचमधल्या एखाद्या अक्षरावरून नेमका कारखाना कळतो. पत्र त्या कारखान्याला आणि विक्री करणाऱ्या कंपनीला, दोघांनाही पाठवा.

पत्र एवढंच पुरे:

"विषय: सीलबंद रव्याच्या पाकिटात जिवंत अळी, बॅच `RV12F06`, पॅकिंग १२ जून २०२५.

महोदय, आपल्या कंपनीचा १ किलो रवा मी २० जून २०२५ रोजी (दुकानाचे नाव व पत्ता) येथून विकत घेतला. पावतीची प्रत जोडली आहे. २४ जून रोजी सकाळी पाकीट प्रथमच उघडले. उघडण्यापूर्वी पाकिटाची शिवण अखंड होती व त्याला कोठेही भोक नव्हते. आत जाळ्या व सुमारे १ सेंमी लांबीची जिवंत अळी आढळली. पॅकिंगपासून तोपर्यंत १२ दिवस झाले होते. पाकीट व अळी मी फ्रीझरमध्ये जपून ठेवली आहे. कृपया या बॅचचा साठा तपासावा, तपासणीचा निष्कर्ष व केलेली कारवाई १५ दिवसांत लेखी कळवावी आणि पाकिटाची किंमत परत करावी. प्रत: सहायक आयुक्त (अन्न), अन्न व औषध प्रशासन."

यात शिव्या नाहीत, "माझ्या मुलांच्या जिवाशी खेळ" नाही. कुणी आजारी पडलं असेल तर डॉक्टरांचा कागद जोडून एक वाक्य लिहा. पडलं नसेल तर ओढूनताणून लिहू नका, सगळं पत्र संशयास्पद होतं. पंधरा दिवसांची मुदत कायद्यातली नाही, ती आपण घातलेली. ईमेल पाठवा आणि स्पीड पोस्टही करा. पोच जपून ठेवा.

यानंतर बहुधा कंपनीचा माणूस नव्या पाकिटांची पिशवी घेऊन दारात येतो. नवी पाकिटं घ्या, हरकत नाही, पण "तक्रार मिटली" अशा कागदावर सही करू नका. तो जुनं पाकीट मागेल. सगळं देऊ नका. रव्याचा थोडा भाग आणि एखादी अळी द्या, बॅच क्रमांक लिहिलेली पोच त्याच्याकडून घ्या, मूळ पाकीट आपल्याकडेच ठेवा.

उघडलेल्या पाकिटाची अडचण अशी की "तुमच्या डब्यातून किडा आला" असं म्हणायला वाव राहतो. म्हणून त्याच दुकानात त्याच बॅचचं न उघडलेलं पाकीट मिळतं का पाहा. अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते, पण एक अट आहे: विकत घेतानाच विक्रेत्याला तसं सांगावं लागतं. घरी आणल्यावर सुचून उपयोग नाही.

कंपनी गप्प राहिली तर दोन वाटा आहेत. बॅचची तपासणी आणि कारवाई हवी असेल तर अन्न व औषध प्रशासनाकडे जा. एफएसएसएआयच्या `Food Safety Connect` ॲपवरही तक्रार नोंदवता येते. अळ्या-किडे लागलेलं अन्न या कायद्यात 'असुरक्षित अन्न' या व्याख्येतच येतं. इथे उशीर नको, कारण गुन्ह्याची दखल घेण्याची मुदत सर्वसाधारणपणे एक वर्षाची आहे. स्वतःला भरपाई हवी असेल तर आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा आणि तिथे तोडगा निघाला नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो, मुदत दोन वर्षं, आणि वस्तूची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. आयोग स्वतः नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. फ्रीझरमधला डबा तोपर्यंत तसाच राहू द्या, आणि घरच्यांना सांगून ठेवा, नाहीतर एखाद्या सकाळी कुणीतरी त्याचा उपमा करायला घेईल.