कूलर थंड हवा देईनासा झाला की मैदानावर काय होतं

नागपुरात नवतपा सुरू असतो तेव्हा पारा ४४ वर गेला तरी कूलरसमोर बसवतं. पुढे जूनच्या शेवटी पाऊस येतो, पारा ३४ वर उतरतो आणि तोच कूलर नुसती ओली, चिकचिकीत हवा फेकायला लागतो. खसच्या ताट्यांमधलं पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जातं, पण हवा आधीच ओली असली तर वाफ होणंच मंदावतं. आपल्या अंगावरचा घामही याच नियमाने काम करतो. म्हणून पावसाळ्यातल्या उघडिपीच्या दुपारी रेशीमबागेत किंवा एखाद्या कॉलेजच्या मैदानावर फुटबॉल खेळणाऱ्या पोरांची मला मे महिन्याइतकीच काळजी वाटते. मे महिन्यात निदान सगळे सावध असतात.

जोरात खेळणारं शरीर तासाला साधारण ६०० किलोकॅलरी ऊर्जा खर्च करतं. तिच्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग, म्हणजे ४५० ते ४७० किलोकॅलरी, निव्वळ उष्णता होऊन अंगात साठू पाहतो. ती बाहेर पडलीच नाही, तर सत्तर किलोच्या माणसाचं तापमान तासाभरात आठ अंशांनी चढेल. तसं होत नाही, कारण एक लिटर घाम पूर्ण वाळला की जवळपास ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. हिशेबाने पाऊण-एक लिटर घाम पुरायला हवा. अट एकच, तो अंगावर वाळला पाहिजे. हनुवटीवरून टपकलेला, जर्सीतून पिळून निघालेला घाम पाणी नेतो आणि मीठ नेतो, गारवा मात्र देत नाही. दमट दुपारी यातला मोठा वाटा असाच वाया जातो. शरीर आणखी घाम काढतं आणि तोही टपकतो.

त्यामुळे सामना खेळायचा की नाही, हे मोबाईलवरचं तापमान पाहून ठरवू नये. १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन सैनिकांच्या प्रशिक्षण तळावर उन्हाने सैनिक कोसळायला लागले, तेव्हा यासाठी एक वेगळं माप तयार झालं. ते आजही वापरतात. त्यात तीन तापमापक लागतात: एकाच्या फुग्याला ओलं सुती कापड, एक काळ्या पोकळ गोळ्यात ठेवलेला आणि एक सावलीत साधा. ओल्याच्या आकड्याचे ७० टक्के, काळ्या गोळ्याचे २० टक्के आणि साध्याचे १० टक्के अशी बेरीज करायची. ओल्या तापमापकाला एवढं वजन का, ते कूलरने आधीच सांगितलं आहे.

आता दोन दुपारी मोजून पाहू. मे महिन्यात ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असताना ओला तापमापक २३ च्या आसपास थांबतो. उन्हातला काळा गोळा ५८ धरला तर बेरीज ३२ येते. जुलैच्या ढगाळ दुपारी ३४ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर ओला तापमापक २९ दाखवतो. काळा गोळा ४२ धरला तरी बेरीज ३२ च. दहा अंशांचा फरक दिसत होता, तो शरीराच्या दृष्टीने नव्हताच. त्यात मध्येच ढग सरून ऊन पडलं की जुलै मे महिन्याच्याही पुढे जातो. हा आकडा ३२ च्या वर गेला तर व्यावसायिक फुटबॉलमध्ये दोन्ही डावांत थांबून खेळाडूंना गार होऊ देतात. हौशी पोरांनी तो आकडा यायची वाट पाहू नये, कारण त्यांचा सराव कमी असतो आणि जवळ डॉक्टर नसतो.

पाणी किती प्यायचं, हा प्रश्न यानंतरचा. सगळ्यांना चालेल असा एक आकडा नाही, पण प्रत्येकाला आपला आकडा घरच्या वजनकाट्यावर काढता येतो. समजा एका मिडफिल्डरचं वजन वॉर्मअपच्या आधी, फक्त चड्डीवर, ६८.४ किलो भरलं. दीड तासाने खेळ संपवून, अंग कोरडं पुसून आणि कोरडी चड्डी घालून ते ६७.१ भरलं. मधल्या वेळात तो ६०० मिली पाणी प्यायला आणि लघवीला गेला नाही. वजन १.३ किलो घटलं, त्यात प्यायलेलं पाणी मिळवलं की घाम झाला १.९ लिटर, म्हणजे तासाला सव्वा लिटरहून थोडा जास्त. वजनातली घट दोन टक्क्यांच्या अगदी उंबरठ्यावर आहे. त्यापुढे रक्तातलं पाणी कमी पडतं, नाडी वाढते, त्वचेकडे रक्त पाठवणं अवघड होतं आणि अंग आणखी तापतं.

त्याने गेलेलं सगळं पाणी खेळता खेळता भरून काढायचा हट्ट धरू नये. पोटातून तासाला जेमतेम लिटरभरच पाणी पुढे सरकतं, बाकीचं डचमळत राहतं. सामन्याच्या दोन-तीन तास आधी ४०० मिली, मग खेळताना ६०० ऐवजी लिटरभर, थोडं थोडं करून, एवढं त्याला पुरे. दर लिटर घामासोबत साधारण अर्धा चमचा मीठ जातं, म्हणून निदान मध्यंतरात ओआरएस किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत घ्यावं. घरी गेल्यावर पुढच्या काही तासांत सव्वा ते दीड लिटर, जेवणासोबत. मिठाचा मठ्ठा त्यात उत्तम.

याच संघाचा गोलकीपर फार धावत नाही. तो भीतीपोटी अडीच लिटर साधं पाणी प्यायला आणि त्याचं वजन खेळानंतर वाढलं, तर तेही धोक्याचं आहे. रक्तातलं मीठ पातळ होतं, मळमळतं, डोकं ठणकतं, बोटं सुजतात. लोक त्याला ऊन लागलं समजून आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण बिघडवतात. खेळानंतर वजन वाढलेलं असेल तर पाणी थांबवायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं.

घाम वाळत नसेल तर पोटभर पाण्यानेही अंग गार होत नाही, हे मला सगळ्यात ठासून सांगायचं आहे. गारवा बाहेरून द्यावा लागतो. बर्फाची लादी फोडून थर्मोकोलच्या खोक्यात टाका, त्या पाण्यात दुपट्टे बुडवून मान, डोकं आणि काखेत तीन-चार मिनिटं ठेवा, सावलीत जर्सी काढा. खिशातला कांदा यातलं काहीच करत नाही.

एवढं करूनही कोणी चुकीच्या दिशेने पास द्यायला लागला, झोकांड्या खाऊ लागला, स्कोअर विचारल्यावर चिडला किंवा भलतंच बोलला, तर तो उष्माघात समजा. अंग कोरडं पडलं तरच उष्माघात, या समजुतीने जीव जातात. खेळताना झालेल्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असतो. काखेतला थर्मामीटर अशा वेळी फसवा आकडा देतो, त्याच्यावर विसंबू नका. पॅरासिटामॉलचा इथे उपयोग नाही. १०८ ला फोन लावा आणि त्याच क्षणी गार करायला सुरुवात करा. मोठा ड्रम किंवा टाकी असेल तर मानेपर्यंत बर्फाच्या पाण्यात बसवा आणि डोकं वर धरायला एक जण कायम ठेवा. ती नसेल तर ताडपत्रीवर झोपवून कडा उचलून धरा, आत पाणी आणि बर्फ ओता आणि हलवत राहा. शुद्ध हरपलेली असेल तर तोंडात पाणी घालू नका. पहिल्या अर्ध्या तासात अंग ३९ अंशांच्या खाली आलं तर वाचण्याची शक्यता खूप मोठी असते, म्हणून रुग्णवाहिका येऊन उभी राहिली तरी घाईने उचलू नका. आधी गार करणं पूर्ण होऊ द्या, मग हलवा.