नॉब कितीवर ठेवू? नागपूरच्या उन्हाळ्यासाठी आणि हिवाळ्यासाठी आमच्या फ्रिज-ग्राहकांना माहिती

एप्रिल लागला की आमच्या दुकानातला फोन सकाळपासून वाजायला लागतो. तक्रार बहुतेक एकच असते: "फ्रिज चालू आहे, आवाजही येतोय, पण पाणी थंड होत नाही. नॉब तर आम्ही सातवर केलाय." शेवटचं वाक्य सांगणाऱ्याला वाटतं, आपल्याकडून जे करायचं ते करून झालं, आता बिघाड फ्रिजचाच. आम्हाला मात्र बऱ्याचदा त्या शेवटच्या वाक्यातच बिघाड सापडतो.

नॉबवरचा आकडा म्हणजे अंश सेल्सिअस नाही, हे आता बहुतेकांना माहीत आहे. आकडा वाढवला की थंडी वाढते, हेही माहीत आहे. पण सातवर केल्याने फ्रिज लवकर थंड होत नाही, हे पटवणं अवघड जातं. साध्या फ्रिजचा कॉम्प्रेसर पंख्यासारखा हळू-जोरात फिरत नाही. तो एक तर पूर्ण चालू असतो, नाहीतर पूर्ण बंद. नॉब फक्त एवढंच ठरवतो, की त्याने थांबायचं केव्हा.

सिंगल डोअर फ्रिज, मे महिना

या फ्रिजमध्ये नॉबच्या मागून एक बारीक तांब्याची नळी निघते आणि फ्रीजरच्या पत्र्याला जाऊन चिकटते. पत्रा थंड झाला की नळीतला गॅस आकसतो, 'टक' असा आवाज येतो आणि कॉम्प्रेसर बंद होतो. म्हणजे हा थर्मोस्टॅट खालच्या कप्प्यातलं दूध-भाजी किती थंड आहे ते बघत नाही, तो फक्त पत्रा बघतो. समजण्यापुरतं धरा: चारवर ठेवला तर पत्रा उणे २० अंशांच्या आसपास गेल्यावर कॉम्प्रेसर थांबेल, आणि सातवर ठेवला तर उणे २७-२८ झाल्यावर. नेमका आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो.

आता मागच्या मे महिन्यातलं एक घर घ्या. दुपारचे तीन, स्वयंपाकघरात आमच्या थर्मामीटरवर ४१ अंश. हॉलमध्ये कूलर लावलेला आणि त्याची ओली हवा थेट स्वयंपाकघरात येत होती. फ्रिज १९० लिटरचा, सिंगल डोअर, नॉब सातवर. काकू म्हणाल्या, "आठ दिवस झाले, रात्रंदिवस चालू आहे, बंदच होत नाही." फ्रीजर उघडला तर चारही बाजूंनी बोटभर जाड बर्फ. खालच्या कप्प्यात आमरसाचं पातेलं आणि जेमतेम गार पाण्याच्या बाटल्या.

झालं काय होतं, ते सांगतो. ४१ अंशांच्या खोलीत पत्रा उणे २८ पर्यंत पोचतच नव्हता, म्हणून कॉम्प्रेसर थांबत नव्हता. कॉम्प्रेसर थांबला नाही तर पत्र्यावरच्या हिमाला थोडंही सुटायला वेळ मिळत नाही. त्यात कूलरची ओल, दिवसातून पन्नास वेळा उघडणारं दार आणि कोमट आमरस. सगळी वाफ पत्र्यावर जाऊन बसते. बर्फ जाड झाला की तो गोधडीसारखं काम करतो: पत्रा आत थंडगार, पण ती थंडी खालच्या कप्प्याला मिळत नाही. मग घरचे म्हणतात, कूलिंग कमी झालं, आणि नॉब आणखी पुढे ढकलायला बघतात. पुढे जागाच नसते, म्हणून आम्हाला फोन.

आम्ही फ्रिज बंद केला, सामान बाहेर काढलं, दार उघडं ठेवून खाली जुनी चादर अंथरली. बर्फ सुटायला पाच तास लागले. (चाकू किंवा उलथनं लावून बर्फ खरवडू नका. पत्र्याच्या आत गॅसच्या नळ्या आहेत. एक भोक पडलं, की पाच तासांचं काम सोडा, फ्रीजर बदलायची वेळ येते. दरवर्षी असे दोन-तीन फ्रिज आमच्याकडे येतात.) मग आतून कोरडा पुसून फ्रिज रिकामाच सुरू केला, नॉब चारवर. तीन तासांनी सामान परत ठेवलं. रात्री मधल्या फळीवर ग्लासभर पाणी आणि त्यात थर्मामीटर ठेवायला सांगितलं. सकाळी काकूंनी फोनवर सहा अंश सांगितले. नॉब पाचवर करायला सांगितला. त्याच्या दुसऱ्या दिवशी चार अंश. दूध-भाजीसाठी तीन ते पाच अंश म्हणजे बरोबर.

त्या घरी एकही पार्ट बदलला नाही. मुलाने विचारलं, "भाऊ, फक्त नॉब फिरवला, त्याचे पैसे?" दरवर्षी कोणीतरी विचारतंच, म्हणून इथेच लिहितो. व्हिजिट चार्ज नॉब फिरवण्याचा नसतो. गॅस गेला नाही, थर्मोस्टॅट चांगला आहे, हे तपासून खात्री करण्याचा असतो. त्याच फ्रिजला न तपासता "गॅस भरावा लागेल" म्हणून हजारो रुपये घेणारे गावात कमी नाहीत.

गॅसचं तुम्हालाही ओळखता येतं. बर्फ सगळ्या पत्र्यावर सारखा जाड असेल तर बहुतेक वेळा गॅस ठीक आहे. नॉब, ओल किंवा दाराचं रबर यांपैकी काहीतरी कारण आहे. बर्फ एकाच कोपऱ्यात धरतोय आणि बाकीचा पत्रा कोरडा, तर गॅस कमी झालाय. तेव्हा नॉबशी खेळू नका, आम्हाला बोलवा.

तर सिंगल डोअरसाठी: मार्चअखेर ते पावसाळा लागेपर्यंत चार, फार तर पाच. बर्फ अर्ध्या सेंटिमीटरच्या वर गेला की नॉबच्या मधलं डीफ्रॉस्टचं बटण रात्री झोपताना दाबा, ट्रे रिकामा करायला विसरू नका. पावसाळ्यात हवेला ओल जास्त, त्यामुळे बटण आठवड्याला दाबावं लागेल. नॉबवर आकड्यांऐवजी खुणा असतील तर मधली खूण म्हणजे आमचा चार.

मे महिन्यात दुपारी दोन ते पाच कॉम्प्रेसर जवळजवळ थांबत नाही, त्याला घाबरू नका. आपल्याकडे मिळणारे बरेच फ्रिज ४३ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात, आणि नागपूरचा मे त्याच्या वर जातो. रात्री थांबतो ना, एवढं बघा. नॉब चारवर, बर्फ नाही, तरी रात्रीही थांबत नसेल तर ती दुरुस्तीची केस आहे.

तोच फ्रिज, डिसेंबर

आता उलटं. थंडीत बाहेर पारा दहाच्या आसपास, स्वयंपाकघर सोळा-सतरा अंशांवर. नॉब उन्हाळ्यातला पाचवरच राहिलेला. पत्रा पूर्वीइतकाच थंड होणार, कारण थर्मोस्टॅट फक्त पत्राच बघतो. पण बाहेरून आत येणारी उष्णता खूप कमी. मग खालचा कप्पाही गोठतो. सांभारवडीसाठी आणलेला सांभार मागच्या भिंतीला टेकून ठेवला, तर सकाळी काचेसारखा कडक होतो आणि दुपारी काळा, पाणी-पाणी. दुधाच्या पिशवीत बर्फाचे पापुद्रे येतात. दिवाळीनंतर नॉब दोनवर आणा. भाजी तरीही गोठली तर दीडवर.

डबल डोअर फ्रिजला हा नियम लावू नका

इथे हुशार माणसंही चुकतात, कारण शेजाऱ्याच्या सिंगल डोअरचा सल्ला आपल्या फ्रॉस्ट फ्रीला लावतात. बऱ्याच साध्या डबल डोअर मॉडेलमध्ये थर्मोस्टॅट खालच्या कप्प्याची हवा बघतो, फ्रीजरची नाही. फ्रीजरमध्ये असतो तो वेगळा सरकणारा किंवा फिरणारा खटका, तो नुसती एक झडप असते. थंड हवा वर किती राहावी आणि खाली किती जावी, एवढंच ती ठरवते.

थंडीत खालचा कप्पा आपोआपच गार राहतो. थर्मोस्टॅटला वाटतं काम झालं, आणि कॉम्प्रेसर तासन् तास लागतच नाही. फ्रीजरला मात्र उणे १८ हवेत, ते मिळत नाहीत. जानेवारीत एक ताई आल्या होत्या, "आईस्क्रीम पातळ झालंय, मटार चिकटलेत" म्हणून. थंडी आहे म्हणून त्यांनी खालचा नॉब एकवर आणला होता, त्यामुळे कॉम्प्रेसर आणखीच कमी चालत होता. आम्ही खालचा नॉब परत तीनवर केला आणि फ्रीजरचा खटका 'जास्त थंड' बाजूला सरकवला. खाली थंड हवा कमी जाऊ लागली, थर्मोस्टॅट जास्त वेळ कॉम्प्रेसर चालवू लागला आणि दुसऱ्या दिवशी मटार सुटे झाले.

तोच खटका उन्हाळ्यात तिथेच विसरलात, तर वर दगडासारखा बर्फ आणि खाली कोमट पाणी. होळीच्या सुमारास तो मध्ये आणा आणि खालचा नॉब चारवर ठेवा.

दोनपैकी खरा थर्मोस्टॅट कोणता, हे ओळखायला तो शून्याकडे फिरवून बघा. 'टक' होऊन कॉम्प्रेसर थांबला तर तो थर्मोस्टॅट. टक नाही, आवाजात फरक नाही, तर ती झडप. काही मॉडेलमध्ये हे दोन्ही अदलाबदल असतात, म्हणून ही तपासणी एकदा कराच. थांबवलेला कॉम्प्रेसर लगेच चालू करू नका. पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर तो जोर लावून ट्रिप होतो.

ज्यांच्या दारावर अंशांचे आकडे दिसतात, असे इन्व्हर्टर फ्रिज हवामान स्वतः सांभाळतात. खाली चार, वर उणे अठरा, वर्षभर तसंच.

कुठलाही फ्रिज असो, एकदा नॉब हलवला की चोवीस तास हात लावू नका. सकाळी तीन, दुपारी सहा, रात्री पाच असं केलं तर आतलं तापमान कशामुळे बदललं ते तुम्हालाही कळत नाही आणि आम्हालाही. थर्मामीटर आमच्याकडे मिळतो. सर्व्हिसिंग करून घेणाऱ्यांना आम्ही तसाच देतो.

सर्व्हिसिंग मार्चमध्ये करून घेतलेली बरी: मागची जाळी साफ, दाराचं रबर, स्टॅबिलायझर, आणि नॉब आम्हीच उन्हाळ्यावर लावून जातो. मे महिन्यात आमच्याकडे दोन-तीन दिवसांचा नंबर असतो आणि तेवढ्यात दूध नासतं.

फोन करायच्या आधी चार गोष्टी बघून ठेवा: नॉब कितीवर आहे, बर्फ किती जाड आणि कुठे, कॉम्प्रेसर रात्री थांबतो का, आणि ग्लासातल्या पाण्याचं सकाळचं तापमान. एवढं कळलं तर बऱ्याच वेळा फोनवरच काम होतं, आणि फोनचा चार्ज आम्ही घेत नाही.