मशीन ४७ टक्के, कारखाना १०० टक्के

डाळ मिलचा एकही प्रोजेक्ट रिपोर्ट असा हाती येत नाही ज्यात ‘पहिलं वर्ष ६० टक्के, दुसरं ७०, तिसरं ८०’ ही ओळ नसते. ही शिडी इतकी पाठ झाली आहे की कारखाना डाळीचा आहे की विटांचा, याने तिला काही फरक पडत नाही. पण ६० टक्के कशाचे, हे विचारलं की रिपोर्ट लिहिणारे सीए, कर्ज घेणारा आणि बऱ्याचदा बँकेचे साहेबही गप्प होतात.

क्षमता म्हणजे किती माल निघू शकतो आणि वापर म्हणजे त्यातला किती काढला. एवढं सगळ्यांना कळतं, त्यावर शब्द खर्च करत नाही. शिफ्ट एक की दोन, सुट्ट्या किती, हेही रिपोर्टच्या पहिल्या पानावर एकदा लिहून टाकावं की भांडण मिटतं. घोळ होतो तो छेदात. मशीनची क्षमता म्हणजेच कारखान्याची क्षमता असं धरून तिच्यावर टक्के लावले जातात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात माझ्या मावसभावाने तुरीची मिनी डाळ मिल टाकायची ठरवली. मशीनच्या पाटीवर ‘तासाला २०० किलो’. रिपोर्टमध्ये २०० किलो गुणिले ८ तास गुणिले ३०० दिवस, म्हणजे ४८० टन तूर. डाळीचा उतारा ७२ टक्के, घाऊक भाव सोयीसाठी किलोला १२० रुपये. पहिल्या वर्षी ६० टक्क्यांनी २८८ टन तूर, तिची २०७ टन डाळ, विक्री सुमारे २ कोटी ४९ लाख. आकडे नीट मांडलेले होते, बेरीज-गुणाकारात चूक नव्हती.

आता तूर डाळ होते कशी ते बघा. चाळून, प्रतवारी करून ती एमरीच्या रोलरमधून एकदा जाते, तेव्हा टरफलाला नुसते चरे पडतात. मग तिला तेल-पाणी चोळतात, रात्रभर ढिगात मुरवतात आणि सिमेंटच्या ओट्यावर उन्हात पसरतात. कडक वाळली की टरफल सुटतं, मग पुन्हा रोलरवर घेऊन भरडायची. म्हणजे तोच दाणा रोलरमधून दोनदा जातो. पाटीवरचे २०० किलो एका फेरीचे. दोन फेऱ्या धरल्या की तासाला १०० किलोच तूर पुरी होते. कमी व्होल्टेज आणि साफसफाईत रोजचा एक तास जातो, त्यामुळे दिवसाला ७०० किलो. ही झाली मशीनची खरी मर्यादा, आणि इथवर येतानाच पाटीचे १,६०० किलो निम्म्याहून खाली आले.

पण अडतं त्याच्याही पुढे. भावाचा ओटा १,००० चौरस फुटांचा. चालायला, उलथापालथ करायला वाट सोडली की ८०० फूट उरतात. एक इंचाचा थर दिला तर चौरस फुटाला साधारण दोन किलो बसतात, म्हणजे एका लॉटला १,६०० किलो. चांगल्या उन्हातही लॉट वाळायला तीन दिवस. तेव्हा दिवसाला सरासरी ५३३ किलो, मशीन काहीही म्हणो. जून ते सप्टेंबर ओटा बंद. राहिलेल्या आठ महिन्यांतून सणवार, ढगाळ दिवस आणि अवकाळीचे दिवस काढले की २१० उरतात, म्हणजे ७० लॉट. वर्षाला ११२ टन तूर, ८१ टनांच्या आसपास डाळ, विक्री ९७ लाख.

रिपोर्टमधलं पहिलं, ‘सावध’ म्हणून ठेवलेलं वर्षच ओट्याच्या अडीचपट आहे.

इथे हुशार माणसं एक पळवाट सांगतात: वाळलेला माल पोत्यात भरून ठेवू आणि पावसात भरडू. भरडा की, मशीनचं काम वर्षभर वाटलं जाईल, मजूर टिकतील. वर्षाचा आकडा मात्र तोच राहील, कारण ओट्यावरून जेवढी तूर उतरली तेवढीच भरडायला आहे.

माझी सगळ्यात मोठी चीड पुढच्या टप्प्यावर आहे. ११२ टनांना दोन फेऱ्या, म्हणजे मशीन वर्षात १,१२० तास चालणार. रिपोर्टच्या २,४०० तासांपैकी ते ४७ टक्के होतात. अर्ध्याहून जास्त वेळ मशीन उभी. भावाला हे दाखवलं तर तो म्हणाला, “दादा, मशीन रिकामी उभी राहाते म्हणजे अजून तूर आणली पाहिजे न?” हाच तो घोटाळा. मशीनचा वापर ४७ टक्के आहे, पण कारखाना १०० टक्के भरलेला आहे. अजून तूर आणली तर ती पोत्यात पडून राहील, तिला भुंगा लागेल आणि कॅश क्रेडिटवर व्याज चढत जाईल. डाळ एक किलोही वाढणार नाही. दुसरी मशीन घेतली तर आता ४७ ची तेवीस होईल, बस.

रिकामी मशीन बघून जीव तळमळतो, कारण तिचा हप्ता जातोय. ओट्याचा हप्ता कोणी मोजत नाही. तो अंगणातला सिमेंटचा तुकडा वाटतो, म्हणून रिपोर्टच्या यंत्रसामग्रीच्या यादीत त्याला जागाच नसते; ‘बांधकाम व इतर’मध्ये कुठेतरी दडलेला असतो. माझं मत पक्कं आहे: डाळ मिलच्या रिपोर्टमध्ये ओट्याचं क्षेत्रफळ मशीनच्या वरच्या ओळीत लिहावं.

ओटा दुप्पट केला तर? लॉट ३,२०० किलोचा, दिवसाला १,०६७ किलो. विक्री दुप्पट होईल असं वाटतं, पण वाळलेला माल साठवून पावसात भरडायचा नसेल तर मशीन त्या २१० दिवसांत दिवसाला ७०० वरच थांबते. आता अडथळा तिकडे सरकला. वर्षाला १४७ टन, डाळ १०६ टन, विक्री १ कोटी २७ लाख. ओटा शंभर टक्के वाढला, उत्पन्न ३१ टक्के. म्हणून ओटा दुप्पट करायची गरजच नाही. तीनशे-साडेतीनशे फूट वाढवले की तो मशीनच्या बरोबरीला येतो, त्यापुढचं सिमेंट फुकट.

चुणी आणि टरफलाचे पैसे वेगळे येतात, ते गुरांच्या खाद्यात जातं, जमेला धरा. शेतकऱ्याची तूर मजुरीवर भरडून देणार असाल तर मात्र विक्रीच्या जागी १२० रुपये लिहू नका, तिथे किलोमागे फक्त मजुरी मिळते.

छेद चुकला की ना-नफा-ना-तोट्याची पातळीही चुकते. भावाच्या रिपोर्टमध्ये ती ३५ टक्के होती, आणि तिच्यापुढे सीएंनी ‘सुरक्षित’ असं लिहिलं होतं. ४८० टनांचे ३५ टक्के म्हणजे १६८ टन. ओटा काठोकाठ भरून, एकही दिवस न चुकवता, ११२ टन. म्हणजे कारखाना पूर्ण ताकदीने चालूनही तोट्यातच.

नवा रिपोर्ट आम्ही १,३०० फुटांच्या ओट्यावर आणि १४५ टनांच्या छेदावर केला, मशीन एकच ठेवली. गोदामाचं बांधकाम आणि माल साठवायचं कर्ज निम्म्यावर आणल्यामुळे ना-नफा-ना-तोटा ९० टनांवर आला. बँकेत साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, “अहो, मागच्या वेळेला विक्री अडीच कोटी होती ना?” भावाने खिशातून मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली.