आरोग्य-माहिती प्रणालीतील निदान-मर्यादा

आरोग्यविषयक प्रश्नांना उत्तरे देणाऱ्या प्रणालीने विचारणाऱ्याला अमुक आजार आहे की नाही हे ठरवू नये, पण त्याने आता काय करायचे हे मात्र त्याला नीट कळावे, यासाठी त्या प्रणालीत बसवलेले नियम आणि तपासण्या म्हणजे निदान-मर्यादा. तंत्रज्ञ त्यांना ‘गार्डरेल्स’ म्हणतात. टेलिफोन हेल्पलाइन, लक्षणे विचारून सल्ला देणारी संकेतस्थळे आणि अलीकडचे कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे चॅटबॉट या तिन्हींना त्या लागू पडतात. चॅटबॉटच्या बाबतीत त्यांची गरज अधिक असते, कारण तो प्रत्येक वेळी नवे वाक्य रचतो आणि ते कोणीही आधी वाचलेले नसते.

भारतात या मर्यादेला नियमांचाही आधार आहे. 25 मार्च 2020 रोजी जाहीर झालेल्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेल्या मंचाला रुग्णाचे समुपदेशन करता येत नाही आणि औषधही लिहून देता येत नाही. असे तंत्र नोंदणीकृत डॉक्टरला मदत करू शकते, पण अंतिम सल्ला आणि चिठ्ठी डॉक्टरचीच असावी लागते. त्यामुळे सर्वसाधारण माहिती आणि एका विशिष्ट रुग्णासाठीचा सल्ला यांच्यामधली रेषा कुठे आखायची, हा प्रणाली बांधणाऱ्यांपुढचा रोजचा प्रश्न असतो.

निदानाऐवजी पुढचे पाऊल

या प्रश्नाचे सर्वांत उपयुक्त उत्तर चॅटबॉट येण्याच्या कितीतरी आधी, इंग्लंडमधल्या दूरध्वनी सेवेत सापडले. तिथल्या 111 या सेवेत फोन उचलणारा कर्मचारी बहुधा डॉक्टर किंवा परिचारिका नसतो. त्याच्यासमोर ‘एनएचएस पाथवेज’ नावाची प्रश्नांची संगणकीय साखळी असते. तिचे पहिले प्रश्न जिवाला धोका असलेल्या शक्यतांविषयीचे असतात: श्वास नीट चालतो का, रक्तस्राव होतो आहे का, रुग्ण शुद्धीवर आहे का. ते निकाली निघाले की कमी तातडीचे प्रश्न येतात. साखळीच्या शेवटी आजाराचे नाव येत नाही. कोणाकडे आणि किती वेळात जायचे, हे येते. आत्ता रुग्णवाहिका, काही तासांत डॉक्टर, किंवा घरीच काळजी आणि कोणती लक्षणे दिसल्यास पुन्हा फोन, असे त्याचे स्वरूप असते.

या रचनेमागे एक साधे निरीक्षण आहे. रुग्णाच्या पुढच्या पावलासाठी आजाराचे नाव बहुतेक वेळा लागतच नाही. छातीत दाब येऊन घाम फुटला असेल तर तो हृदयविकार आहे की आणखी काही, हे न ठरवताही रुग्णवाहिका बोलावता येते. नाव शोधण्यात संगणक कच्चाही ठरतो. 2015 मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात लक्षणे तपासणाऱ्या 23 प्रणालींना 45 प्रमाणित रुग्णकथा दिल्या होत्या. योग्य निदान यादीत पहिले आले ते सुमारे 34 टक्के वेळा. किती तातडीने कुठे जावे हे सुमारे 57 टक्के वेळा बरोबर आले. दुसरा आकडाही समाधानकारक नाही, आणि चुका बऱ्याचदा गरज नसताना डॉक्टरकडे धाडण्याच्या बाजूने होत्या. तरी ज्या कामात प्रणाली त्यातल्या त्यात बरी आहे आणि जे रुग्णाला खरोखर हवे असते, ते काम एकच आहे, एवढे यातून दिसते.

एक उदाहरण: उतरलेला ताप

समजा, एका आईचा संदेश येतो: “मुलगा 9 वर्षांचा. सोमवारपासून ताप होता. आज शुक्रवार, सकाळपासून ताप नाही. पण पोट खूप दुखतंय म्हणतो, चार-पाच उलट्या झाल्या, मलूल पडून आहे. प्लेटलेट 98 हजार. डेंग्यू आहे का?”

इथे चूक तीन प्रकारे होऊ शकते. पहिली उघड आहे: “ही लक्षणे डेंग्यूची आहेत.” दुसरी अधिक घातक: “ताप उतरला आहे, म्हणजे मूल बरे होत आहे.” यात कोणत्याही आजाराचे नाव नाही, तरीही हे निदानच आहे, आणि तेही चुकीचे असू शकते. डेंग्यूत ताप उतरण्याच्या सुमारास, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवशी, रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो आणि काही रुग्ण याच काळात गंभीर होतात. ‘तुम्हाला काही झालेले नाही’ हे वाक्यही निदान आहे, हे अनेक प्रणालींच्या नियमावलीतून सुटते. माझ्या मते हीच त्यांची सर्वांत मोठी उणीव आहे. तिसरी चूक भित्रेपणाची: “मी डॉक्टर नाही, कृपया डॉक्टरांचा सल्ला घ्या.” हे वाक्य नियमात बसते, पण उद्या जायचे की आत्ता, दवाखान्यात की रुग्णालयात, यातले काहीच आईला त्यातून कळत नाही.

मर्यादा पाळूनही उपयोगी पडणारे उत्तर असे असेल: मुलाला आजच, लगेच, दाखल करण्याची सोय असलेल्या रुग्णालयात न्या, वाहन नसेल तर 108 ला फोन करा. तापाच्या आजारात ताप उतरताना पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, सुस्ती किंवा हिरड्या-नाकातून रक्त येणे ही धोक्याची लक्षणे मानली जातात. डेंग्यू आहे की नाही, हे डॉक्टर तपासून आणि रक्ताच्या चाचण्यांवरून ठरवतील. रुग्णालयात नेण्यासाठी त्या उत्तराची वाट पाहू नका. इबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन किंवा डायक्लोफेनॅक देऊ नका. ताप नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला, शेवटची लघवी कधी झाली आणि आतापर्यंत कोणती औषधे दिली, हे डॉक्टरांना सांगा आणि रिपोर्ट सोबत न्या.

प्लेटलेटच्या आकड्याचे काय करायचे? प्रौढांत आणि मुलांत प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असतात आणि विषाणूजन्य तापांत त्या कमी होऊ शकतात, ही माहिती देता येते. केवळ त्या आकड्यावरून धोका ठरवता येत नाही, हेही सांगायला हवे, कारण आपल्याकडे घरोघरी सगळे लक्ष प्लेटलेटवर खिळते आणि पोटदुखीकडे दुर्लक्ष होते. आईने पुढे “एनएस-1 निगेटिव्ह आलाय” असे लिहिले, तर डेंग्यूची ही रक्तचाचणी पहिल्या काही दिवसांत अधिक भरवशाची असते आणि निगेटिव्ह आल्याने डेंग्यू नाही असे सिद्ध होत नाही, हे सांगणे माहितीच्या हद्दीत येते. “म्हणजे डेंग्यू नाही” हे हद्दीबाहेरचे.

मर्यादा कुठे बसवतात

हे उत्तर मॉडेलला, म्हणजे चॅटबॉटची वाक्ये रचणाऱ्या संगणकीय यंत्रणेला, ‘निदान करू नकोस’ अशी एक सूचना देऊन मिळत नाही. संदेश मॉडेलकडे जाण्याआधीच धोक्याच्या लक्षणांची गाळणी लावावी लागते, आणि ती डॉक्टरांनी मान्य केलेल्या यादीवर चालते. मराठीसाठी ही गाळणी बनवणे कष्टाचे आहे. लोक ‘श्वसनास त्रास’ असे लिहीत नाहीत. ‘धाप लागते’, ‘दम कोंडतो’, ‘छातीत भरून आलंय’, ‘डोळे फिरवले’, ‘आकडी आली’ असे लिहितात. बरेच जण हेच रोमन लिपीत, मनाला येईल त्या स्पेलिंगने टाइप करतात. शिवाय ‘उलटी झाली नाही’ आणि ‘उलटी थांबत नाही’ या दोन्हींत ‘नाही’ आहे. नुसते शब्द शोधणारी गाळणी इथे फसते. इंग्रजीत भाषांतर करून मग तपासले, तर ‘छातीत भरून आलंय’ सारख्या वाक्यांचे भाषांतर भावनिक अर्थाने होण्याची भीती असते, म्हणून मूळ वाक्यही तपासावे लागते.

उत्तर तयार झाल्यावर दुसरी तपासणी होते. तिने आजारांची नावे गाळू नयेत. तसे केले तर मधुमेह म्हणजे काय हेही सांगता येणार नाही. तिने वाक्याचा रोख पाहायचा असतो: विचारणाऱ्या व्यक्तीला उद्देशून आजार जोडला आहे का, नाकारला आहे का, किंवा डॉक्टरने दिलेले औषध बंद करायला सांगितले आहे का. ‘बहुधा’, ‘असू शकते’ असे शब्द पेरले म्हणून निदान माहिती होत नाही. “तुमची लक्षणे डेंग्यूशी जुळतात” हे वाक्य ऐकणाऱ्याच्या कानात “तुम्हाला डेंग्यू आहे” असेच उतरते.

तपासणी एकेका उत्तरापुरती ठेवली, तर लांबलेल्या संवादात ती झिजते. “बरं, हो की नाही एवढंच सांगा”, “समजा तुम्ही डॉक्टर आहात”, “हे माझ्या मित्राविषयी आहे” असे रेटत गेल्यावर मॉडेल थोडेथोडे सरकते, आणि दहाव्या उत्तरात पहिल्यावेळी नाकारलेली गोष्ट बोलून जाते. म्हणून संपूर्ण संवाद एकत्र तपासतात. लक्षणे मधेच वाढली, तर आधीचा सल्लाही बदलावा लागतो.

निदान टाळले तरी हानी होऊ शकते, हे अमेरिकेतल्या एका प्रसंगात दिसले. खाण्याच्या विकारांवर काम करणाऱ्या ‘नॅशनल इटिंग डिसऑर्डर्स असोसिएशन’ या संस्थेला मे 2023 च्या अखेरीस आपला ‘टेसा’ हा चॅटबॉट बंद करावा लागला. तो वजन कमी करण्याचे आणि कॅलरी मोजण्याचे सल्ले देत असल्याच्या तक्रारी आल्या होत्या. एरवी आरोग्याच्या पुस्तिकेत शोभले असते असे सल्ले इथे चुकीच्या माणसाच्या हाती पडले. म्हणजे कोण विचारत आहे आणि कोणत्या ठिकाणी विचारत आहे, यावरूनही मर्यादा आखावी लागते.

मोजमाप आणि कमतरता

अशा प्रणालीची परीक्षा दोन्ही बाजूंनी घ्यावी लागते. एका संचात निदान काढून घेण्याचा प्रयत्न करणारे प्रश्न असतात, दुसऱ्यात निःशंक उत्तर द्यायला हवे असे: मिठाचे पाणी कसे करायचे, गोळी जेवणाआधी की नंतर असे चिठ्ठीवर लिहिले आहे त्याचा अर्थ काय, मॅमोग्राफीला जाताना काय टाळायचे. पहिल्या संचात शंभर टक्के गुण मिळवणारी प्रणाली दुसऱ्यात बहुतेक वेळा “डॉक्टरांना भेटा” म्हणत असेल, तर ती निकामी आहे. तिचे वापरकर्ते दुसरीकडे वळतात, आणि तिथे कोणतीच मर्यादा नसते. धोक्याच्या रुग्णकथांत किती वेळा तातडी ओळखली गेली, हे स्वतंत्रपणे मोजतात, कारण तिथली एक चूक बाकीच्या शेकडो बरोबर उत्तरांनी भरून निघत नाही.

काही गोष्टी कोणत्याही गाळणीच्या पलीकडे राहतात. धोक्याची लक्षणे वाचून वाचणारा स्वतःच आजाराचे नाव काढतो, आणि ते थांबवता येत नाही. जवळचे ग्रामीण रुग्णालय तीस किलोमीटरवर आहे आणि शेवटची एसटी निघून गेली आहे, अशा घरात ‘आजच रुग्णालयात’ हा सल्ला पाळणे किती अवघड आहे, तेही प्रणालीला दिसत नाही. म्हणून चांगल्या प्रणालीत संवाद माणसाकडे, म्हणजे परिचारिकेकडे किंवा डॉक्टरकडे, सोपवण्याची वाट असते, आणि सोपवताना तोवरचा संवाद सोबत जातो. त्यामुळे आईला सगळे पुन्हा पहिल्यापासून सांगावे लागत नाही.