चित्रशैलीचा उल्लेख आणि जुनी छायाचित्रे : यंत्रनिर्मित चित्रांतील प्रताधिकार

शब्दांत लिहिलेल्या सूचनेवरून, म्हणजे प्रॉम्प्टवरून, चित्र तयार करणाऱ्या संगणकप्रणालीला हयात चित्रकाराचे नाव सांगून ‘त्यांच्या शैलीत’ चित्र मागणे, किंवा गिऱ्हाइकाने आणून दिलेले जुने छायाचित्र आधाराला घेऊन नवे चित्र बनवणे, यांतून निघणारे प्रताधिकाराचे (कॉपीराइटचे) व परवानगीचे प्रश्न. निमंत्रणपत्रिका, दिनदर्शिका, स्मरणिका, भिंतीवरच्या तसबिरी अशा कामांत हे दोन्ही प्रश्न बहुधा एकत्रच येतात. कायद्यात मात्र त्यांची जातकुळी निराळी आहे. शैलीच्या बाबतीत सहसा मालकी हक्कच नसतो, तरीही अडचण उद्भवते; छायाचित्राच्या बाबतीत हक्क असतो, पण तो कोणाचा हे आणणाऱ्यालाही ठाऊक नसते. प्रस्तुत नोंद प्रामुख्याने भारताच्या प्रताधिकार अधिनियम, 1957 पुरती आहे.

शैली : प्रताधिकार कल्पनेला मिळत नाही, कल्पनेच्या विशिष्ट आविष्काराला मिळतो. सर्वोच्च न्यायालयाने आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स (1978) या निकालात हे तत्त्व मांडले आणि त्यासोबत एक कसोटीही दिली : दोन्ही कृती पाहिलेल्या सामान्य प्रेक्षकाच्या मनावर ‘ही त्या पहिलीची नक्कल आहे’ असा निःसंदिग्ध ठसा उमटतो का? निवाडा नाटक आणि चित्रपट यांच्याविषयीचा असला, तरी चित्रांनाही तो लागू करण्यात अडचण दिसत नाही. कुंचल्याचे फटकारे, रंगसंगती, मानवी आकृती लांबट करण्याची लकब यांवर कोणाची मालकी नसते. ठरावीक चित्रातली ठरावीक मांडणी, आकृत्यांचा मेळ आणि तपशील यांवर असते.

म्हणून केवळ नाव लिहिल्याने हक्कभंग होतो असे म्हणता येत नाही. तो झाला का, हे निघालेले चित्र सांगते. नाव लिहिल्याने चित्रकाराच्या एखाद्या प्रसिद्ध चित्राची रचनाच उमटली, तर तो आविष्काराचा प्रश्न होतो. कोपऱ्यात सहीसारखा पुसट डाग येणे, हे यंत्राने सही असलेली बरीच चित्रे शिकताना पाहिल्याचे लक्षण आहे; त्या चित्रकाराचीच चित्रे पाहिल्याचा तो पुरावा नव्हे. चित्र देण्यापूर्वी चित्रावरूनच तशी चित्रे शोधणारा उलट चित्रशोध करून ते त्या चित्रकाराच्या ज्ञात चित्रांशी ताडून पाहणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. वाद उद्भवल्यास लिहिलेली सूचना हा पुरावाही ठरतो : ‘मला हे चित्र ठाऊकच नव्हते, साम्य योगायोगाने आले’ हा बचाव नाव टाइप करणाऱ्याच्या तोंडी दुबळा पडतो.

एका चित्रकाराची वीस-तीस चित्रे गोळा करून त्यांवर लहान पूरक प्रारूप, म्हणजे मॉडेल, प्रचलित भाषेत ‘लोरा’, शिकवणे ही गोष्ट वेगळी. येथे त्या चित्रांच्या प्रती प्रत्यक्ष साठवल्या जातात आणि कलम 14 (ग) नुसार कलाकृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवणे हाच पुनरुत्पादनाचा भाग आहे. मोठी प्रारूपे शिकवताना झालेल्या प्रतींविषयी मात्र न्यायालयांचे मत अद्याप स्थिर झालेले नाही. अमेरिकेत काही चित्रकारांनी जानेवारी 2023 मध्ये स्टॅबिलिटी एआय इत्यादी कंपन्यांविरुद्ध लावलेला दावा ऑगस्ट 2024 मध्ये प्राथमिक टप्पा ओलांडून पुढे गेला.

प्रश्नाला लौकिकात तोंड फुटले ते पोलिश चित्रकार ग्रेग रुतकोव्स्की यांच्या नावाने. 2022 मध्ये त्यांचे नाव इतक्या सूचनांत वापरले जाऊ लागले की, त्यांच्या नावाने शोधणाऱ्याला त्यांची स्वतःची चित्रे सापडेनाशी होतील अशी चिंता त्यांनी व्यक्त केली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टेबल डिफ्यूजन या चित्र तयार करणाऱ्या प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीत मजकुराचा अर्थ लावणारा भाग बदलला आणि त्या नावाचा परिणाम ओसरला. पुढे काही कंपन्यांनी हयात चित्रकारांच्या नावाने केलेली मागणी नाकारण्याचे धोरण स्वीकारले. हे धोरण म्हणजे कायदा नव्हे. प्रताधिकाराच्या दृष्टीने ‘हयात’ ही सीमारेषाही फारशी नेमकी नाही. मराठी दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांमुळे घरोघरी पोहोचलेले दीनानाथ दलाल 1971 मध्ये आणि रघुवीर मुळगावकर 1976 मध्ये निवर्तले. त्यांच्या चित्रांचा प्रताधिकार अनुक्रमे 2031 आणि 2036 अखेरपर्यंत चालतो. हयातीमुळे फरक पडतो तो नावाच्या वापरात. छापलेल्या चित्राखाली वा जाहिरातीत चित्रकाराचे नाव असे घातले की ते त्यांनीच काढले वा मान्य केले असा समज व्हावा, तर आपला माल दुसऱ्याच्या नावावर खपवल्याचा (पासिंग ऑफ) दावा होऊ शकतो. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने केलेली नक्कल रोखणारा अंतरिम आदेश दिला, तो व्यक्तिमत्त्वहक्कांच्या आधारावर. चित्रशैलीला तो आधार कितपत लागू होईल हा खुला प्रश्न आहे. आवाज ही व्यक्तीची ओळख असते तशी शैली असतेच असे नाही, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

छायाचित्राचा मालक : ‘फोटो आमचाच आहे’ या गिऱ्हाइकाच्या वाक्यात कागदाची मालकी आणि प्रताधिकार एकमेकांत मिसळलेले असतात. अधिनियमानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा. तोच पहिला मालक, हा सर्वसाधारण नियम. परंतु कलम 17 (ख) चा अपवाद घरगुती छायाचित्रांच्या बाबतीत नियमापेक्षा महत्त्वाचा आहे : एखाद्याच्या सांगण्यावरून, मोबदला घेऊन छायाचित्र काढले असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला मालक सांगणारा. त्याआधीच्या, 1914 च्या भारतीय कायद्यामार्फत लागू असलेल्या ब्रिटिश कायद्यातही पैसे देऊन मागवलेल्या छायाचित्राविषयी असाच नियम होता. त्यामुळे पैसे देऊन स्टुडिओत काढवलेल्या छायाचित्राचा प्रताधिकार बहुधा पैसे देणाऱ्या कुटुंबाकडे असतो. हौशी मामाने लग्नात फुकट काढलेल्या छायाचित्राचा मात्र मामाकडेच राहतो. वर्तमानपत्रातून कापलेले छायाचित्र कुटुंबातील व्यक्तीचे असले तरी प्रताधिकाराच्या अर्थाने कुटुंबाचे नसते.

‘निगेटिव्ह स्टुडिओच्या मालकीच्या राहतील’ असा मजकूर जुन्या पावत्यांवर आढळतो. हाच उलट करार, असे काही जण मानतात. निगेटिव्ह ही वस्तू आहे आणि प्रताधिकार त्या वस्तूहून वेगळा असतो. तेव्हा प्रताधिकाराचा स्पष्ट उल्लेख नसेल तर अशा ओळीने तो स्टुडिओकडे जात नाही, असे मानणे योग्य.

मुदत : येथे गुंतागुंत अधिक आहे. 1957 च्या अधिनियमातील कलम 25 प्रमाणे छायाचित्राची मुदत प्रसिद्धीपासून मोजली जाई. ती आधी 50 वर्षे होती, 1992 च्या दुरुस्तीने 60 झाली. 2012 च्या दुरुस्तीने (अंमल 21 जून 2012) कलम 25 वगळले आणि छायाचित्रही इतर कलाकृतींप्रमाणे कर्त्याची हयात अधिक 60 वर्षे या मापात आले. 1951 अखेरपर्यंत प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांची मुदत 2011 अखेरीस संपलेली होती. ती नव्या मापाने पुन्हा जिवंत झाली का, यावर दुमत संभवते. दुरुस्तीत पुनरुज्जीवनाची तरतूद नाही, म्हणून ती झाली नाहीत हा पक्ष सबळ दिसतो. घरातल्या अल्बममध्ये राहिलेले छायाचित्र ‘प्रसिद्ध’ नसते. कारण प्रसिद्धीला जनतेला उपलब्ध करून देणे आवश्यक असते. अशा छायाचित्राची जुनी मुदत सुरूच झालेली नव्हती, आणि आता ती छायाचित्रकाराच्या मृत्यूपासून मोजावी लागते, असा अर्थ निघतो. मालक गिऱ्हाईक, पण मुदत मोजायची ती छायाचित्रकाराच्या आयुष्यावरून, हा विचित्र वाटणारा परिणाम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

उदाहरण : समजा, 1974 च्या लग्नातले आजी-आजोबांचे छायाचित्र घेऊन नात त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाची निमंत्रणपत्रिका करायला येते. छायाचित्र गावातल्या स्टुडिओवाल्याने काढले, पैसे आजोबांच्या वडिलांनी दिले, लेखी करार काही नाही. स्टुडिओवाला 1991 मध्ये वारला. प्रताधिकार पणजोबांचा होता. मृत्युपत्र नसेल, पणजीही हयात नसेल, तर तो आता आजोबा आणि त्यांच्या दोन बहिणी यांच्याकडे सारखा आलेला असणार. मुदत 2051 अखेरपर्यंत. म्हणजे नातीची ‘हो, वापरा’ ही तोंडी संमती पुरेशी नाही, आणि स्टुडिओवाल्याच्या मुलाची परवानगी मालक म्हणून लागत नाही. कलम 30 प्रमाणे परवाना लेखी हवा. तो आजोबा व दोन्ही आत्याआजींकडून घ्यावा. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरता समजला जातो. पत्रिका अमेरिकेतल्या नातेवाइकांना जाणार असेल तर तेवढे वाक्य घालणे बरे. स्टुडिओवाल्याच्या वारसांकडे कलम 57 चा विशेष हक्क मात्र उरतो : नाव लावण्याचा, आणि कर्त्याच्या लौकिकाला बाधा येईल अशा विद्रूपीकरणाला हरकत घेण्याचा. मालकी दुसऱ्याकडे गेली तरी हा हक्क जात नाही. विज्ञान भवनातील भित्तिशिल्प काढून त्याची मोडतोड झाल्यावर अमरनाथ सेहगल यांना दिल्ली उच्च न्यायालयाने 2005 मध्ये पाच लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे अवशेष परत दिले, ते याच कलमाखाली.

मालक सापडतच नसेल तर कलम 31-क खाली सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज करता येतो. आधी देशाच्या मोठ्या भागात खप असलेल्या इंग्रजी दैनिकात प्रस्ताव जाहीर करावा लागतो. एका पत्रिकेसाठी हा मार्ग कोणाला परवडणारा नाही.

यंत्रातील टप्पे : छायाचित्र स्कॅन करून प्रणालीला देणे हीच पहिली प्रत असते, त्यामुळे निघालेले चित्र कितीही वेगळे दिसले तरी परवानगीचा प्रश्न त्याआधीच उभा राहिलेला असतो. पुढे मूळ किती टिकते ते स्टेबल डिफ्यूजनसारख्या प्रणालींत `strength` या 0 ते 1 मधील आकड्यावर ठरते. 0.3 च्या आसपास चेहरे, बसण्याची ढब, उजेडाची दिशा सारे राहते आणि फक्त पृष्ठभाग बदलतो, 0.8 च्या पुढे मूळ ओळखणे अवघड होते. म्हणजे साम्य हवे म्हणून आकडा कमी ठेवला, की आर. जी. आनंद कसोटीवर चित्र नक्कल ठरण्याची शक्यता वाढते. चित्रकारितेच्या संस्कारानेही मूळ छायाचित्राचा हक्क पुसला जात नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे 2023 मध्ये वॉरहॉल फाउंडेशन विरुद्ध गोल्डस्मिथ या निकालात मान्य केले. छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांचे 1981 मधील छायाचित्र चित्रकार अँडी वॉरहॉल यांच्या चित्राला आधार म्हणून 1984 मध्ये 400 डॉलरला, एकाच वापरासाठी दिलेले होते. त्याच छायाचित्रावरून वॉरहॉल यांनी केलेल्या मालिकेतले दुसरे चित्र 2016 मध्ये मासिकाला मोबदला घेऊन वापरायला दिले गेले, तेव्हा त्यांच्या हक्काचा प्रश्न आला.

निघालेल्या चित्राचा कर्ता : 1994 च्या दुरुस्तीने संगणकनिर्मित कृतीचा कर्ता म्हणजे ती घडवून आणणारी व्यक्ती असे ठरवले. ‘सूर्यास्त’ या चित्राची नोंदणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. वकील अंकित साहनी यांनी स्वतः काढलेले सूर्यास्ताचे छायाचित्र आणि 1890 मध्ये निवर्तलेले व्हॅन गॉग यांचे एक चित्र शैलीसाठी, असे दोन्ही यंत्राला देऊन ते तयार केले होते. छायाचित्र स्वतःचे आणि चित्रकाराच्या प्रताधिकाराची मुदत संपलेली, म्हणून वर सांगितलेला कोणताच प्रश्न येथे आला नाही. तरी नोंदणी सुरळीत झाली नाही. भारताच्या प्रताधिकार कार्यालयाने 2020 मध्ये यंत्राला सहकर्ता मानून ती केली आणि पुढच्या वर्षी मागे घेण्याची नोटीस काढली. अमेरिकेने डिसेंबर 2023 मध्ये अखेरचा नकार दिला. कॅनडातील 2021 च्या नोंदणीला 2024 मध्ये न्यायालयात आव्हान देण्यात आले.