खंडित पाणीपुरवठा असलेल्या गृहसंकुलासाठी घरगुती आणि अग्निशमन टाक्यांची क्षमता : हिशेब, अर्ज आणि कागदपत्रे

गृहसंकुलाच्या टाक्यांचा आराखडा मंजुरीसाठी सादर करताना दोन वेगळ्या कार्यालयांना दोन वेगळी उत्तरे द्यावी लागतात. पाणीपुरवठा विभाग विचारतो की रहिवाशांना लागणारे पाणी किती आणि ते साठवणार कुठे. अग्निशमन विभाग विचारतो की आग लागली त्या क्षणी टाकीत हमखास किती पाणी असेल. पहिली संख्या अर्जदाराने हिशेबाने काढायची असते. दुसरी मात्र हिशेबाने काढायची नसते. इमारतीचा वापर आणि उंची यांनुसार ती तक्त्यात ठरलेली असते आणि प्राथमिक ना-हरकत पत्रात लिहून मिळते. अनेक प्रस्ताव त्रुटी काढून परत येतात ते या दोन संख्या एकाच बेरजेत मिसळल्यामुळे.

अर्ज कोणी करायचा हे बांधकामाच्या टप्प्यावर अवलंबून असते. भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत अर्जदार हा जमीनमालक किंवा विकासक असतो आणि त्याच्या वतीने वास्तुविशारद कागदपत्रे सादर करतो. इमारत संस्थेच्या ताब्यात आल्यानंतर टाकी वाढवायची, विभागायची किंवा नळजोडणी मोठी करून घ्यायची असल्यास गृहनिर्माण संस्थेने सर्वसाधारण सभेच्या ठरावासह अर्ज करावा. नळजोडणीचा प्रस्ताव परवानाधारक प्लंबरमार्फत जातो. अग्निशमन यंत्रणा उभारण्याचे व तपासण्याचे काम महाराष्ट्रात परवानाधारक संस्थेकडूनच करून घ्यावे लागते. ‘महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६’ याची तशी तरतूद आहे.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून पाहू. संकुलात ८० सदनिका आहेत, प्रत्येकी ५ माणसे धरली तर ४०० रहिवासी होतात. मलनिस्सारण वाहिन्या असलेल्या शहरांसाठी माणशी दररोज १३५ लिटर हे प्रमाण सर्वसाधारणपणे वापरले जाते आणि त्यातले ४५ लिटर फ्लशिंगसाठी धरतात. म्हणजे रोजची गरज ५४,००० लिटर. त्यात पिण्यायोग्य पाणी ३६,००० आणि फ्लशिंगचे १८,००० लिटर.

पाणी रोज येत असते तर एका दिवसाचा साठा पुरेसा मानता आला असता. आपल्या उदाहरणात ते एक दिवसाआड आणि २ तासच येते. तेव्हा हिशेबाचे एकक ‘दिवस’ हे नसून ‘पाळी’ हे आहे, आणि एका पाळीत ४८ तासांचे, म्हणजे १,०८,००० लिटर पाणी उतरून घ्यावे लागते. पाणी चालू असतानाचे २ तास यातून वजा करावेत असे काही जण सुचवतात. मी ते करत नाही, कारण पाळीची वेळ बदलली की दोन पाळ्यांच्या मधल्या काळात सकाळचा मोठा वापर दोनदा येऊ शकतो. यापुढचा प्रश्न चुकलेल्या पाळीचा आहे. जलवाहिनी फुटली किंवा दुरुस्तीसाठी पुरवठा बंद राहिला तर आणखी २ दिवस काढावे लागतात. या काळात फ्लशिंगसाठी कूपनलिकेचे किंवा पुनर्प्रक्रिया केलेले पाणी उपलब्ध असेल, तर माणशी ९० लिटरप्रमाणे ७२,००० लिटरची जादा तरतूद पुरते. अशा रीतीने घरगुती साठा १,८०,००० लिटर ठरतो. त्यातले २७,००० लिटर, म्हणजे अर्ध्या दिवसाचे पाणी, गच्चीवरच्या टाक्यांत ठेवावे आणि त्यातील एक तृतीयांश फ्लशिंगच्या स्वतंत्र टाकीत असावे. उरलेले १,५३,००० लिटर जमिनीखाली राहील. गच्चीवरचा साठा या बेरजेत धरायचा असेल, तर पाळी संपण्यापूर्वी वरच्या टाक्या भरून घेण्याची व्यवस्था पातळीनियंत्रकाने केलेली असली पाहिजे.

इथपर्यंतचा हिशेब बहुतेक प्रस्तावांत असतो. जे नसते ते असे : एवढे पाणी २ तासांत येणार कोणत्या नळाने? १,०८,००० लिटर २ तासांत उतरवायचे म्हणजे ताशी ५४,००० लिटर, अर्थात सेकंदाला १५ लिटर. आतील व्यास ५० मिलिमीटर असलेल्या जोडणीतून पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने वाहिले, तरी सेकंदाला जेमतेम ३ लिटर येतात. २ तासांत साधारण २१,००० लिटर. गरजेच्या एक पंचमांश पाणीच येत असेल तर टाकी १,८०,००० लिटरची बांधा किंवा दुप्पट बांधा, ती कधी भरणारच नाही. १०० मिलिमीटरच्या जोडणीतून १५ लिटर मिळवायला सुमारे १.९ मीटर वेग लागतो, जो कमी दाबाच्या वाहिनीवर भरवशाचा नाही. १५० मिलिमीटरला तो सुमारे ०.८५ मीटरवर येतो. म्हणून टाकीच्या क्षमतेच्या तक्त्यासोबत जोडणीचा व्यास आणि पाळीतील अपेक्षित आवक यांचा एक तक्ता आवर्जून जोडावा. विभागाने एवढा व्यास मंजूर केला नाही, तर तुटीचे पाणी कोणत्या स्रोतातून येईल हे लेखी दाखवावे लागते. नळाला थेट पंप जोडून पाणी ओढणे हा त्यावरचा मार्ग नव्हे. तसे करणे नियमबाह्य आहेच, शिवाय वाहिनीत निर्वात तयार होऊन गळक्या सांध्यांतून बाहेरचे सांडपाणी आत ओढले जाते.

जुन्या इमारतीत आवक मोजणे सोपे आहे. टाकीचा तळ ६ मीटर लांब व ५ मीटर रुंद असेल आणि सगळे उपसापंप बंद ठेवून १० मिनिटांत पातळी १० सेंटिमीटर चढली, तर ३,००० लिटर आले, म्हणजे ताशी १८,००० लिटर. पाळीच्या सुरुवातीला, मध्यावर आणि अखेरीस असे तीनदा मोजावे, कारण शेवटच्या अर्ध्या तासात दाब बहुधा पडलेला असतो. मोठ्या जोडणीच्या अर्जाला ही मोजमापे जोडली, तर ‘पाणी कमी येते’ या विधानाला आधार मिळतो.

अग्निशमनाच्या पाण्याकडे वळू. प्राथमिक ना-हरकत पत्रात भूमिगत टाकी ७५,००० लिटरची आणि मुख्य पंप मिनिटाला २,२८० लिटरचा नमूद आहे असे समजा. पंप पूर्ण क्षमतेने चालला तर हा साठा सुमारे ३३ मिनिटे पुरतो. अग्निशमन दल पोहोचेपर्यंतचा हा अवधी आहे, आणि त्यातले १०,००० लिटर कोणी कपडे धुण्यासाठी वापरले तर चार मिनिटांहून अधिक काळ गेला, असा त्याचा अर्थ होतो.

हा साठा राखण्याची रीत राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ मध्ये दिलेली आहे : नळाचे पाणी प्रथम अग्निशमन टाकीत यावे आणि ती काठोकाठ भरल्यावर तिच्या सांडव्यावरूनच घरगुती टाकीत उतरावे. यामुळे आगीचा साठा आपोआप भरलेला राहतो आणि पाणी साचून कुजतही नाही. नकाशात हे एकाच छेदात दिसले पाहिजे : नळाची पातळी सर्वांत वर, मध्ये हवेचे अंतर, त्याखाली सांडव्याचा उंबरा आणि त्याहून खाली घरगुती टाकीची कमाल पातळी. दोन्ही टाक्यांच्या तळाशी जोडनळी व व्हॉल्व्ह दाखवलेला एक नकाशा माझ्या पाहण्यात आला होता. ‘साफसफाईसाठी’ अशी त्यावर टीप होती. असा व्हॉल्व्ह एकदा उघडला गेला की दोन टाक्यांची एकच टाकी होते. बांधून झालेल्या इमारतीत हे ओळखायचे असेल, तर पाळीच्या आदल्या रात्री घरगुती टाकी खाली गेलेली असताना अग्निशमन टाकीत डोकावावे. तिची पातळी उंबऱ्याला लागून असेल तर व्यवस्था ठीक आहे; घरगुती पातळीबरोबर तीही उतरली असेल तर जोडनळी, भिंतीतील गळती किंवा चुकीच्या टाकीत सोडलेला घरगुती पंपाचा शोषनळ, यांपैकी काहीतरी आहे.

क्षमता मोजताना बाहेरची मापे लिहिणे ही नेहमीची त्रुटी. ६ × ५ मीटरच्या तळावर २.५ मीटर पाणी म्हणजे बरोबर ७५,००० लिटर, पण टाकी दोन कप्प्यांची असावी लागते आणि मधली २० सेंटिमीटरची भिंत २,५०० लिटर जागा घेते. शिवाय शोषनळाच्या तोंडाखालचे पाणी पंपाला मिळत नाही. ते २० सेंटिमीटर धरले तर जवळजवळ ६,००० लिटर निरुपयोगी. तेव्हा लांबी ६.२ मीटर, वापरायोग्य खोली २.५ मीटर, खाली २० सेंटिमीटर मृत साठा आणि वर ३० सेंटिमीटर मोकळी जागा, अशी एकूण ३ मीटर उंची दाखवावी. टाकीचे छत बंबाच्या वाटेवर येत असेल तर संहितेनुसार ते ४५ टन वाहनभार पेलणारे असावे लागते, आणि तसे संरचना अभियंत्याचे प्रमाणपत्र मागितले जाते.

सांडव्याच्या व्यवस्थेचा एक तोटा अर्जातच लक्षात घ्यावा. दुरुस्तीसाठी अग्निशमन टाकी रिकामी केली, तर ती पुन्हा भरेपर्यंत घरगुती टाकीत थेंबही येत नाही. ताशी १८,००० लिटर आवक असेल तर दोन पाळ्या त्यातच जातात. अशा वेळी संस्था नळाचे पाणी अग्निशमन टाकीला वगळून थेट घरगुती टाकीत नेणारी वळसानळी टाकून मोकळी होते. त्याऐवजी दोन कप्पे एकेक करून रिकामे करण्याची आणि टँकरने भरण्याची सोय आधीच ठेवावी, व पंपाच्या चाचणीचे पाणी गटारात न सोडता परतनळीने त्याच टाकीत आणावे.

पाणीपुरवठा विभागाकडे द्यायच्या संचात मालकीचा पुरावा किंवा संस्थेचा ठराव, मंजूर नकाशे, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, सदनिकांची संख्या व मागणीचा तक्ता, आवकेचा तक्ता आणि प्लंबरचा आराखडा असतो. स्थानिक नमुन्यानुसार यात थोडा फरक पडतो. अग्निशमन विभागाकडे प्राथमिक ना-हरकतीसाठी इमारतीची उंची, टाक्यांचे छेद, पंपगृह आणि नळवाहिन्यांचे नकाशे द्यावे लागतात. अंतिम ना-हरकतीसाठी यंत्रणा बसवल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष बांधलेल्या टाकीची मापे लागतात, आणि पाहणीच्या दिवशी टाकी भरलेली असावी लागते. दोन्ही संचांतील छेदाचा नकाशा एकच ठेवावा, कारण एका कार्यालयासाठी बदललेली पातळी दुसऱ्या प्रतीत तशीच राहिली की भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी दोन्ही प्रती समोरासमोर येतात.

ताबा मिळाल्यावर यंत्रणा सुस्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दरवर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे व्यवहारात संस्थेची असते. त्या तपासणीची तारीख पाळीच्याच दिवशी न ठेवता पुढची पाळी येण्याच्या आदल्या दिवशी ठेवावी. अग्निशमन टाकीची खरी पातळी त्याच दिवशी दिसते.