लीड ऑडिटर कोर्स पास झालात, आता ऑडिट लॉग कसा भरायचा?

पाच दिवसांचा लीड ऑडिटर कोर्स पास झाला की बरेच जण बायोडेटात लगेच ‘सर्टिफाइड लीड ऑडिटर’ असं लिहितात. हातात आलेला कागद मात्र प्रशिक्षण यशस्वीपणे पूर्ण केल्याचा असतो. लीड ऑडिटर म्हणून नोंदणी सीक्यूआय-आयआरसीए किंवा एक्झेम्प्लार ग्लोबल यांसारख्या संस्था करतात. त्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा ऑडिट लॉगवर, म्हणजे स्वतः केलेल्या ऑडिटच्या नोंदींवर अडतो.

आधी कोर्सबद्दल थोडक्यात. आयएसओ ९००१ या गुणवत्ता व्यवस्थापनाच्या स्टँडर्डचा नेहमीचा कोर्स ४० तासांचा असतो. कलमं आधीच माहीत आहेत असं धरूनच शिकवतात, त्यामुळे स्टँडर्ड न वाचता गेलात तर दुसऱ्या दिवसापासून दमछाक होते. भर असतो तो आयएसओ १९०११ या ऑडिटच्या मार्गदर्शक स्टँडर्डप्रमाणे ऑडिट करण्यावर: प्लॅन, चेकलिस्ट, ओपनिंग मीटिंग, मुलाखती, नॉन-कन्फॉर्मिटी लिहिणं, क्लोजिंग मीटिंग आणि रिपोर्ट. शेवटी लेखी परीक्षा असते. शिवाय पाचही दिवस ट्यूटर तुमचं काम तपासत असतात. दोन्हींत पास व्हावं लागतं.

सगळ्यात जास्त चुका होतात नॉन-कन्फॉर्मिटी लिहिताना. ‘कॅलिब्रेशन नीट नाही’ एवढं लिहून भागत नाही. कोणता मायक्रोमीटर, त्याची मुदत कधी संपली, तो त्या दिवशी अंतिम तपासणीत वापरात होता का, आणि आयएसओ ९००१ च्या कलम ७.१.५.२ मधली कोणती अपेक्षा मोडली, हे सगळं एकत्र यायला हवं.

अर्जाला शिक्षणाचा दाखला, कामाचं स्वरूप सांगणारं अनुभवपत्र, कोर्सचं प्रमाणपत्र आणि ऑडिट लॉग लागतो. अनुभवपत्रात नुसतं पद आणि तारखा असतील तर ते नव्याने मागून घ्या, कारण गुणवत्तेचं काम किती वर्षं केलं हे त्यावरूनच ठरतं.

आता लॉग. आयएसओ १९०११ च्या २००२ च्या आवृत्तीत याचा तक्ता होता. ऑडिटरसाठी मार्गदर्शनाखाली केलेली ४ पूर्ण ऑडिट, मिळून किमान २० दिवस, तीही सलग शेवटच्या तीन वर्षांतली. टीम लीडरसाठी, म्हणजे लीड ऑडिटरसाठी, त्यावर आणखी ३ ऑडिट, किमान १५ दिवस, अनुभवी लीडरच्या देखरेखीखाली स्वतः टीम चालवून, शेवटच्या दोन वर्षांत. पुढच्या आवृत्त्यांतून तो तक्ता गेला. त्यामुळे आजचे नेमके आकडे नोंदणी संस्थेच्या चालू नियमांतून घ्यावेत, पण हिशेब कसा करायचा हे समजून घ्यायला तो तक्ता अजूनही चांगला आहे.

समजा एका क्वालिटी इंजिनिअरच्या लॉगमध्ये सहा नोंदी आणि २७ दिवस आहेत. पहिलं सप्लायर ऑडिट ८ दिवसांचं लिहिलंय, पण टीममध्ये दोघं होते आणि प्रत्येकाने तीन दिवस साइटवर, एक दिवस तयारी-रिपोर्टला दिला. लॉगमध्ये फक्त स्वतःचे दिवस धरतात, म्हणून ४. दुसरं सप्लायर ऑडिट ४ दिवसांचं, बरोबर. तिसरं दुसऱ्या प्लांटचं पूर्ण अंतर्गत ऑडिट, ५ दिवस. स्वतःच्या विभागाचं नसल्यामुळे ते टिकू शकतं, तरी अंतर्गत ऑडिट चालतं का हे नियमांत बघायलाच हवं. चौथ्यात तो ३ दिवस निरीक्षक होता, ते शून्य. पाचवं ४ दिवसांचं गॅप ॲनालिसिस म्हणजे सल्ल्याचं काम, तेही शून्य. सहाव्यात ३ दिवस एकच विभाग तपासला, प्लॅन आणि रिपोर्ट दुसऱ्यांनी केला. हे पूर्ण ऑडिट नव्हे, म्हणून सावध हिशेबात ते बाहेरच ठेवावं.

उरली ३ ऑडिट आणि १३ दिवस. तक्त्यातल्या ऑडिटरच्या अटीप्रमाणे एक ऑडिट आणि ७ दिवस कमी. एकट्याच्या वाट्याला ७ दिवस येतील असं ऑडिट सहसा मिळत नाही, तेव्हा प्रत्यक्षात आणखी दोन धरून चला. ती निवडताना आधीच्या ऑडिटमध्ये न आलेली कलमं बघा. सगळा अनुभव उत्पादनातला असेल आणि डिझाइन किंवा व्यवस्थापन आढावा कधीच तपासला नसेल, तर दिवस भरूनही पूर्ण स्टँडर्डचा अनुभव दिसत नाही.

प्रत्येक नोंदीत तारखा, ऑडिट झालेली संस्था, स्टँडर्ड, स्कोप, तुमची भूमिका, टीममधली माणसं, साइटवरचे आणि साइटबाहेरचे दिवस वेगवेगळे, आणि खातरजमा करू शकेल अशा व्यक्तीचं नाव-संपर्क असावा. टीम लीडरची सही क्लोजिंग मीटिंग झाली की त्याच आठवड्यात घ्या. दोन वर्षांनी तो माणूस नोकरी बदलून गेलेला असतो, आणि खरं केलेलं ऑडिटही सिद्ध करता येत नाही. ऑडिट प्लॅनची प्रत ठेवायची असेल तर संबंधित संस्थेची परवानगी घ्या. निष्कर्षांचा तपशील लॉगमध्ये लिहू नये, तो गोपनीय असतो.